पाकिटातली आई

मी आयुष्यात एकाच माणसाला आई करून दिली, तीही टाइपरायटरवर, दोन ओळींत भरपूर जागा सोडून.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. यवतमाळात कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती, तिथे मी शिकवायला होते. सात यंत्रं, त्यांतली दोन मराठी, आणि एक सायक्लोस्टाइलचं मशीन, जे माझ्याशिवाय कोणाचंच ऐकत नसे. मी बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. कोणी चुकीचा अर्ज टाइप करायला आणला, तर मी आधी अर्जदाराला दुरुस्त करी आणि मग अर्जाला. सगळे मला ‘बाई’ म्हणत, माझ्या दुप्पट वयाचे वकीलसुद्धा.

एका सकाळी इस्त्रीचा बुशशर्ट घातलेला, पस्तिशीचा एक माणूस आला. कोर्टासमोरच्या चौकात त्यानं जागा घेतली होती, तिथे तो कॅफे उघडणार होता. हॉटेल नव्हे, कॅफे. हे त्यानं मला दोनदा सांगितलं. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात तो आधी कपबशा धुवायला होता आणि शेवटी तिथल्या ऑफिसात. नवीन काही सुरू करायचं असलं की त्या ऑफिसातून वर्तमानपत्रांना एक पाकीट जाई. ते कसं भरतात हे त्यानं बारा वर्षं बघितलं होतं.

‘तिकडे त्याले प्रेस किट म्हणतात, बाई,’ तो म्हणाला. ‘पेपरवाला आपल्याकडे येत नाही. आपल्यालेच त्याच्या टेबलावर जावं लागते. आन असं जावं लागते, की त्याले कात्री आन गोंद सोडून काहीच लागू नाही.’

मला हे फार आवडलं. तोवर मी जन्ममृत्यूचे दाखले, बदलीचे अर्ज आणि शेतसाऱ्याच्या तक्रारी टाइप करून विटले होते.

पाकिटात चार गोष्टी जायच्या होत्या. पहिलं माहितीपत्रक. नाव, पत्ता, उघडायचा दिवस आणि वेळ, बसायची सोय किती, काय काय मिळेल, कोणाला विचारायचं. त्यात एकही विशेषण नको, असं त्यानं बजावलं. ‘रुचकर’ हा शब्द पेपरवाल्यानं लिहायचा, आपण नाही. त्यानं बसायची सोय तीस सांगितली. मी दुपारी जाऊन खुर्च्या मोजल्या, अठ्ठावीस भरल्या. दोन अजून सुताराकडे होत्या. मी पत्रकात अठ्ठावीसच घातल्या आणि त्याला म्हटलं, ‘वस्तुस्थिती म्हणजे वस्तुस्थिती.’ तो हसला. त्या खुर्च्या मोजल्याचा मला किती अभिमान वाटला होता, हे आठवलं की आज माझाच राग येतो.

दुसरे फोटो. आमच्या गावात एक म्हातारे फोटोग्राफर होते, त्यांनी कॅफेचे पाच फोटो काढले. बाहेरून एक, आतून दोन, कॉफीच्या भांड्यांचा एक आणि मालकाचा एक. चकचकीत कागदावर प्रती काढल्या. फोटोच्या पाठीवर पेनानं लिहायचं नाही, दाब पुढून उमटतो आणि छपाईसाठी फोटोवरून करतात तो धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, खराब निघतो. म्हणून ओळख वेगळ्या चिठ्ठीवर टाइप करून ती खालच्या कडेला गोंदानं चिकटवायची. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये फोटो ठेवायचे. आमच्याकडच्या साप्ताहिकांना स्वतःचे ब्लॉक करता येत नसत, म्हणून त्यांच्यासाठी नागपुराहून जस्ताचे दोन ब्लॉक करून आणले होते. ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायचं ठरलं.

तिसरे उद्गार. वर्तमानपत्राला छापता येतील अशी तयार वाक्यं, सुटी उचलली तरी अर्थ लागेल अशी. एक कॅफेच्या आचाऱ्याचं, एक गावातल्या निवृत्त हेडमास्तरांचं आणि एक खुद्द मालकाचं. वाक्यं मी करायची, मग ज्याची त्याला दाखवून खाली सही घ्यायची. हेडमास्तरांनी आपल्या वाक्यात एक स्वल्पविराम हलवला आणि जणू मूळचं त्यांचंच होतं अशा थाटात सही केली. आचाऱ्याला मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘मी असा बोलतो का, बाई?’ आणि अंगठा दिला.

चौथा मालकाचा परिचय. तिथे घोडं अडलं.

‘जन्म?’ मी विचारलं. त्यानं पुढ्यातला फोटोंचा पुठ्ठा सरळ केला. ‘गाव?’ ‘आईवडील?’ तेव्हा त्यानं उठून इन्स्टिट्यूटचं दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्याला कोणीच नव्हतं. दोन-अडीच वर्षांचा असताना तो इथल्याच एका जिनिंग कारखान्याच्या आवारात, कापूस भरून आलेल्या बैलगाडीत सापडला होता. कमरेला लुगड्याची चिंधी बांधलेली, तिचं दुसरं टोक मोकळं. गाड्या घाटंजीकडून आल्या होत्या, एवढंच गाडीवानांना माहीत. जिनिंगच्या चौकीदारानं त्याला वाढवलं. चौकीदार वारला, तसा हा बाराव्या वर्षी मुंबईला पळाला.

‘हे नका लिहू,’ तो म्हणाला.

‘का? खरं आहे ना?’

‘बाई, तुम्ही इथल्याच ना? इथं माणूस कपाले हात लावाच्या आधी इचारते, कुठले, कोनाचे? मी काय सांगू? कापसाचा?’ मग म्हणाला, ‘बारा वर्षं मी हे एक दुकान डोक्यात घेऊन फिरलो. लोक आले नाही तर मले परत जाले जागा नाही.’

मला त्याची दया आली, आणि दयेपेक्षा जास्त मला रिकाम्या कागदाचा राग आला. बाकी तिन्ही कामं देखणी झाली होती. मी म्हटलं, ‘उद्या या, मी करते काहीतरी.’

दुसऱ्या दिवशी परिचय तयार होता. एक मोठा, पानभर. एक छोटा, पन्नास शब्दांचा, जागा कमी असली तर छापायला. दोन्हींच्या शेवटी त्याच्या तोंडचे हे शब्द:

‘घाटंजीच्या आठवडी बाजारात, कडुनिंबाखाली, माझी आई चहा विकायची. किटलीतला शेवटचा कप तिनं कधी विकला नाही. वाट चुकून उशिरा येणाऱ्या माणसासाठी ती तो राखून ठेवायची. मी नऊ वर्षांचा असताना ती गेली. हा कॅफे म्हणजे तिचा तो शेवटचा कप आहे.’

मी घाटंजीचा बाजार तोवर पाहिला नव्हता. कडुनिंब कुठेही असतो, म्हणून घातला. आणि तिला मारलं ते सोयीसाठी. जिवंत आई असती, तर पेपरवाल्यांनी तिचा फोटो मागितला असता.

त्यानं कागद वाचला. परत वाचला. हेडमास्तरांसारखा तो स्वल्पविराम शोधत नव्हता. मग त्यानं विचारलं, ‘चहात अद्रक टाकत होती का थे?’

मला वाटलं, थट्टा करतोय. मी म्हटलं, ‘टाकत असेल.’

‘टाकत होती,’ तो म्हणाला, आणि सही केली.

चौदा पाकिटं गेली. नागपूर, अमरावती, अकोला, आणि आमच्या जिल्ह्यातली साप्ताहिकं. प्रत्येकावर मी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, आत फोटो आहेत, घडी घालू नये. वरच्या पत्रात उघडायच्या दिवसाआधी प्रसिद्ध करू नये अशी विनंती होती, आणि ती सगळ्यांनी पाळली. नऊ ठिकाणी छापून आलं. हेडमास्तरांचं वाक्य सात जणांनी गाळलं. माझ्या अठ्ठावीस खुर्च्या एकानं चाळीस केल्या. आईला मात्र कोणी हात लावला नाही. नागपूरच्या एका दैनिकानं मथळाच तिचा केला होता.

कॅफे चालला, फार चांगला चालला. वकील येत, कापसाचे दलाल येत, कॉलेजची पोरं एका कॉफीवर तास काढत. कोनाचे, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, घाटंजीच्या त्या चहावालीचा.

मी रोज दुपारी तिथे कॉफी प्यायला जाई. पंधरा-वीस दिवस झाले असतील, एक म्हातारा कापडवाला आला. घाटंजीच्या बाजारात चाळीस वर्षं ठाण मांडून बसलेला. त्यानं मालकाचे दोन्ही हात धरले.

‘तुह्या मायच्या हातचा चहा म्या पेलो,’ तो म्हणाला. ‘शेवटचा कप काढे, आन त्याच्यावर बशी पालथी घाले. माशी बसू नाही म्हनून.’

मालकाचे डोळे भरून आले. बशीचं मी काही लिहिलं नव्हतं. मी इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन कार्बन कॉपी काढून बघितली. नव्हतंच.

म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला उगाच आठवतं. बाजारात कोणीतरी चहावाली असायचीच. पण पुढच्या आठवड्यात एका शिक्षकाची बायको आली, माहेर घाटंजीचं. तिनं स्वतःहून सांगितलं, की ती बाई शेवटच्या कपावर बशी पालथी घालायची आणि बशीवर एक छोटा खडा ठेवायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मग एक एसटीचा कंडक्टर आला. तो म्हणाला, ती डाव्या पायानं जरा लंगडायची. मग शिक्षकाची बायको परत आली, तिला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि ती म्हणाली, ‘पाय अधू होता बिचारीचा. डावा.’ कंडक्टरला ती ओळखतही नव्हती.

मला हे हसण्यावारी न्यायचं होतं. मी कंडक्टरला वेडंवाकडं विचारलं, ‘लुगडं कोणत्या रंगाचं हो?’ तो क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘हिरवं. काठ फाटलेला.’ त्या संध्याकाळी घरी भाकरी करताना माझ्या मनात एक वाक्य आलं, ‘थांब जरा, उकळू दे.’ बाईचा आवाज, बसका, घाईतला. मी तिला पाय दिला नव्हता, लुगडं दिलं नव्हतं, आणि आवाज तर नव्हताच दिला. तव्यावरची भाकरी करपली.

शेवटी मी बाजाराच्या दिवशी एसटीनं घाटंजीला गेले. वाटेत स्वतःला चार शिव्या घातल्या. बाजाराच्या कडेला एक मोठा कडुनिंब होता. त्याच्याखाली मिरच्या विकणाऱ्या बाईला मी विचारलं, इथे कोणी चहावाली बसायची का. तिनं मागे बोट दाखवलं. बुंध्याजवळ तीन दगड होते, चुलीसारखे मांडलेले, आतून काळेशार. ‘तिचे हायेत,’ ती म्हणाली. ‘कोनी हलवत नाही.’ मी विचारलं, तुम्ही तिला पाहिलं होतं का. ती म्हणाली, ‘पाह्यलं म्हंजे? सारेच पाहतात.’ तिला पुढे काही विचारायचं मला धाडस झालं नाही. मी मिरच्या घेतल्या आणि परतीच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.

कॅफेत मालक आता रोज बंद करताना कोपऱ्यातल्या टेबलावर एक भरलेला कप ठेवू लागला होता, वर बशी, बशीवर खडा. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, ‘हे बघा, ती मी केलेली आहे. तुम्हाला माहीत आहे ना?’

तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. ‘तुम्ही लिहिली, बाई,’ तो म्हणाला. ‘लिहिली म्हणून मले आठवली. नाहीतर आठवलीच नसती. तुमचे उपकार आहेत.’

मी गप्प बसले. माझं गप्प बसणं तिथून सुरू झालं.

दिवाळीच्या सुमाराला नागपूरच्या त्या दैनिकाचं पत्र आलं. रविवारच्या पुरवणीत त्यांना कॅफेवर मोठा लेख करायचा होता, त्यासाठी आईचा फोटो हवा होता. जी मागणी टाळायला मी तिला मारलं होतं, ती शेवटी आलीच. फोटोग्राफर म्हणाले, त्यात काय? ज्यांचा फोटो काढायचा राहून गेला अशा मेलेल्या माणसांचे फोटो ते नेहमी करून देत. लोक भिंतीला लावायला मागत. मुलगा असेल तर मुलाचा चेहरा घ्यायचा, भाऊ असेल तर भावाचा, आणि ब्रशनं बाई किंवा म्हातारा करायचा. त्यांनी मालकाच्याच फोटोची मोठी प्रत काढली. मिश्या खरवडल्या, केस मागे घेऊन अंबाडा केला, कपाळावर कुंकू दिलं, डोक्यावर पदर. गाल किंचित बसवले. दोन दिवसांनी आम्ही बघायला गेलो.

मी बघितलं आणि मागे सरकले. तो मालकच होता आणि नव्हताही. एक चाळिशीची बाई आमच्याकडे बघत होती, काहीतरी विसरलेलं आठवत असल्यासारखी.

‘हीच,’ मालक म्हणाला.

एक प्रत पुठ्ठ्यांमध्ये घालून नागपूरला गेली. मी चिठ्ठी टाइप केली, ‘संस्थापकांच्या मातोश्री’, आणि ती माझ्या हातानं चिकटवली. दुसरी प्रत फ्रेम करून कॅफेत लागली, कोपऱ्यातल्या त्याच टेबलाच्या वर.

पुरवणी निघाली त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपार होती, कॅफेत गर्दी नव्हती. मी होते, दोन वकील होते, मालक गल्ल्यावर होता. दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. तांड्यावरची, बंजारा. आरशांचं भरतकाम केलेली कांचळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. दारातलं ऊन त्या आरशांवर पडलं, आणि उजेडाचे बारके तुकडे कॅफेच्या भिंतीवरून, छतावरून, आमच्या तोंडांवरून फिरले. तिच्या हातात वर्तमानपत्राची घडी होती. तांड्यावरच्या मास्तरानं फोटो दाखवला, म्हणून ती आली होती.

ती आत आली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी, त्या फ्रेमखाली उभी राहिली. दोन्ही वकिलांनी कप खाली ठेवले. एकच चेहरा होता. वर चाळिशीचा, खाली साठीचा. कुंकू काढलं आणि सुरकुत्या घातल्या, की झालं. फोटोग्राफरनं मुलाच्या तोंडातून आई काढली होती, आणि ती निघाली होती बरोबर.

‘हा फोटू माहा हाय,’ म्हातारी म्हणाली. ‘पन म्या कधी काढला नाही. मंग कोठून आला?’

मालक गल्ल्यावरून उठला होता.

‘माहा एक पोरगा होता,’ ती म्हणाली. ‘कापूस वेचाले जाओ, तवा बाभळीले बांधून ठेवो. कमरेले लुगड्याची चिंधी. साऱ्याच बांधतात, पोर इहिरीकडं जाऊ नाही म्हनून. एक दिवस आली, तं चिंधीही नाही आन पोरगंही नाही. गाड्या भरून निंगून गेलत्या. म्या लय शोधलं, बापू. तू मले याडी म्हनत होता.’ याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

मी मालकाकडे बघत होते. चिंधीची गोष्ट या जगात त्यानं फक्त मला सांगितली होती. त्याचा उजवा हात कमरेवर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, झालं, आता तो रडेल, तिच्या पाया पडेल. मला मनापासून तसं व्हायला हवं होतं.

त्यानं विचारलं, ‘शेवटच्या कपाचं काय करत होती तू?’

‘कोनता कप?’

‘चहाचा. बाजारात.’

‘म्या कायले चहा इकन, बापू? म्या कापूस वेचला जलमभर.’

त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं. तो अगदी नम्रपणे म्हणाला, ‘मंग तुम्ही दुसऱ्या कोणाले शोधून राह्यल्या. माही आई मेली. पेपरात आलं आहे.’

आता मला राहवेना. मी उठून मोठ्यानं म्हटलं, ‘पेपरात आलं ते मी लिहिलं! चहावाली नव्हतीच कोणी. बशी नाही, खडा नाही. मी एका दुपारी बसून केलं ते सगळं.’

एक वकील हसला. दुसरा म्हणाला, ‘बाई, अहो, मी स्वतः पाहिली आहे तिला.’ आणि मालक शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही केली, तर मग साऱ्याइले कशी आठवते? मले कशी आठवते?’ त्याच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. वकिलांना घाबरून, धंद्याला घाबरून तो बोलत असता, तर मला बरं वाटलं असतं. मी त्याला झापू शकले असते. त्याला ती खरंच आठवत होती. त्या एका चित्रात दुसऱ्या बाईला जागाच उरली नव्हती.

म्हातारी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं त्याला विचारलं, ‘कशी होती थे?’

त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती खुर्चीवर बसली नाही, खाली फरशीवर बसली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सांगू लागला. हिरवं लुगडं, डावा पाय, अद्रकाचा वास. पावसात ती त्याला किटलीच्या उबेला कशी बसवायची. ताप आला की कडुनिंबाचा पाला अंथरून त्यावर कशी निजवायची. निम्मं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानं तिला स्वतःच्या हातानं कॉफी आणून दिली. ती आरशांची म्हातारी मान हलवत ऐकत होती, त्या फ्रेमखाली, त्याच तोंडानं.

सगळं ऐकून झाल्यावर ती उठली. ‘चांगली होती मंग,’ म्हणाली. कप तिनं पूर्ण प्यायला होता.

मी तिच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत गेले. रस्त्यात मी तिला सांगत होते, की तो तुमचाच आहे, मला माहीत आहे, मी शपथेवर सांगेन, हेडमास्तरांना घेऊन जाऊ, पुन्हा जाऊ. मी रडत होते आणि स्वतःवर चिडत होते. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. बाकावर बसून तिनं ती घडी उलगडली आणि माझ्यापुढे धरली. मास्तरानं फोटो दाखवला होता, वाचून दाखवायला त्याला वेळ झाला नव्हता.

‘वाच,’ ती म्हणाली.

मी वाचलं. माझंच सगळं, जसंच्या तसं. कडुनिंब, किटली, शेवटचा कप. ‘मी नऊ वर्षांचा असताना ती गेली,’ तिथे मी थांबले.

‘कायनं गेली?’ तिनं विचारलं.

ते मी लिहिलं नव्हतं. ‘तापानं,’ मी म्हटलं.

‘तवा पोरगं होतं का तिच्या जोळ?’

गाडी लागली होती, लोक चढत होते. तिनं माझं मनगट धरलं होतं आणि तिला उत्तर हवं होतं.

‘होतं,’ मी म्हटलं. ‘तिच्या उशाशीच बसलं होतं.’

तिनं मोठा श्वास सोडला. ‘मंग नशीबवान होती,’ ती म्हणाली, आणि गाडीत चढली.